माउसला हात न लावणारी बाई

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूच्या आसपासचे शेतकरी ग्लेनिस ट्रेव्हॉरोला चेहऱ्यापेक्षा आवाजाने जास्त ओळखत. सुगी सुरू झाली की बंदराजवळच्या धान्याच्या कोठ्यांकडे ट्रकांची रांग लागायची. गहू, बार्ली, मसूर. कुणाचा ट्रक किती वाजता रिकामा होणार, हे ज्याने त्याने आधी वेबसाइटवर नोंदवायचं असा नियम होता. पण सुगीत नियमाप्रमाणे काय चालतं? कुणाचं मळणीयंत्र बंद पडायचं, कुणाच्या शेतावर सर येऊन जायची, कुणाचा ड्रायव्हर सासूच्या वाढदिवसाला निघून जायचा. मग ट्रॅक्टरच्या केबिनमधूनच फोन यायचा, "ग्लेन, माझी दहाची वेळ दोनवर ढकल ना." आणि फोनवरचं वाक्य पुरं व्हायच्या आत वेळ ढकललेली असायची.

ती हे कसं करते याचं ऑफिसात सगळ्यांना कौतुक होतं, आणि थोडा रागही होता. तिच्या टेबलावर माउसच नव्हता. कीबोर्ड, फोन, चहाचा मग आणि हँड क्रीमची बाटली, बस. फोन आला की ती दोन कळा दाबायची, कर्सर थेट शोधाच्या चौकटीत जाऊन बसायचा. शेतकऱ्याचं नाव टाइप करायचं, एंटर. पान उघडलं की 'एफ' दाबायचं. तेवढ्यासरशी पानावरच्या प्रत्येक लिंकवर एकेक पिवळी चिठ्ठी चिकटायची, प्रत्येक चिठ्ठीवर एकदोन अक्षरं. हवी ती वेळ बघायची, तिच्यावरची अक्षरं दाबायची, लिंक उघडली. 'जे' दाबलं की पान खाली सरके, 'के' दाबलं की वर. मोठं 'एच' दाबलं की मागचं पान. हात कळांवरून उचलायचाच नाही.

वजनकाट्यावरची पोरं तिला पियानोवाली म्हणायची. मॅनेजर डॅरिल नोस्के नवीन माणूस कामावर आला की त्याला मुद्दाम तिच्या पाठीमागे उभं करायचा. "बघ. अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे. आणि तुम्हाला दोन बोटांनी नाव लिहिता येत नाही."

"पाठीमागे उभं राहायचं असेल तर चहा तरी आण," ग्लेनिस मान न वळवता म्हणायची.

सगळ्यांना वाटायचं, बाईला वेगाची हौस आहे. ग्लेनिसने तसं वाटू दिलं होतं. खरं कारण तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी होतं, आणि ते तिच्याशिवाय ऑफिसात एकाच माणसाला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी तिचा अंगठा दुखायला लागला. आधी बरणीचं झाकण फिरेना, मग गाडीची किल्ली फिरेना. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं, सांध्यातली गादी झिजली आहे, चिमटीत धरायची कामं कमी करा. कीबोर्डवर टाइप करताना तिला काहीच व्हायचं नाही. पण माउस धरायचा म्हणजे अंगठ्याने बाजूने दाबायचं, आणि बटण धरून ओढायचं तर विचारूच नका. दिवसाला चारशे वेळा. संध्याकाळी स्टिअरिंग धरताना डोळ्यांत पाणी यायचं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. त्यालाही कारण होतं. अठराव्या वर्षी ती ॲडलेडला एका मोठ्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली होती. बावीस मुली एका हॉलमध्ये. दोन वर्षांत त्यातल्या सहाजणींचे हात दिवसभर टाइप करून गेले, मनगटापासून कोपरापर्यंत. तेव्हा देशभर हे चाललं होतं आणि देशभर त्याची चेष्टाही चालली होती. मनगटाला पट्टा बांधून आलेल्या मुलीला पुरुष 'कांगारूचा पंजा' म्हणायचे. हात पुढे लोंबता धरून उड्या मारून दाखवायचे. ग्लेनिसच्या शेजारी बसणारी मॉरीन तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग, हाताचं नाव कशाला?" मॉरीनने महिन्याभरात नोकरी सोडली. त्या दिवशी ग्लेनिसही हसली होती. फार नाही, पण हसली होती.

तर सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, ऑफिसातले संगणक बघणारा हिएव फाम तिच्या मशीनमध्ये काहीतरी बसवायला आला. मूळचा व्हिएतनामी कुटुंबातला, पोर्ट ॲडलेडला वाढलेला, पस्तिशीचा शांत माणूस. आईने मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही असं शिकवलेलं, म्हणून तो तिला मिस ग्लेनिस म्हणायचा. त्याने पाहिलं की बाई माउस मुठीत न धरता तळहाताच्या खालच्या कडेने ढकलतायत आणि डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबतायत.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मिस ग्लेनिस, माझीसुद्धा मनगटं गेली होती. कॉलेजात असताना."

तिने दार बंद आहे का ते पाहिलं. "डॅरिलला सांगणार नाहीस."

"मला काय पडलंय," हिएव म्हणाला. त्याने एक खुर्ची ओढली आणि ब्राउझरमध्ये ते छोटं एक्स्टेन्शन घालून दिलं. तो स्वतः कोड लिहायला एक जुना एडिटर वापरायचा, त्यात सगळं कळांनीच चालतं. त्याच पद्धतीने इंटरनेट चालवायची ही सोय होती. "तीन दिवस माउस काढून ठेवा. पहिल्या दिवशी मला शिव्या द्याल. दुसऱ्या दिवशी कमी द्याल."

"आणि तिसऱ्या?"

"तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचं मशीन वापरायला बसलात तर त्याला शिव्या द्याल."

एक गोष्ट त्याने दोनदा बजावली. चौकटीत कर्सर असेल तेव्हा अक्षर म्हणजे अक्षर. चौकटीबाहेर असाल तेव्हा अक्षर म्हणजे हुकूम. "आपण कुठे आहोत हे न बघता टाइप करायचं नाही. एवढं सांभाळलंत की झालं."

झालं तसंच. पहिल्या दिवशी तिने शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी माउसची वायर गुंडाळून ठेवली, आणि सहा सुग्या पार पडल्या.

*

यंदा ऑगस्टात डॅरिलने सांगितलं, नोंदणीची वेबसाइट बदलायची. जुनी पंधरा वर्षांची होती, मोबाइलवर धड दिसायची नाही. ॲडलेडच्या एका कंपनीने नवीन बनवली होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा माणूस कॅलम व्हिडिओवर येऊन दाखवणार, शुक्रवारी डॅरिल सही करणार, आणि ऑक्टोबरात बार्ली यायच्या आत ती चालू होणार.

मंगळवारी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. मोठ्या पडद्यावर नवीन पान उघडलं. दिसायला देखणं होतं, हे ग्लेनिसने मनात कबूल केलं. आठवड्याचा फळा, प्रत्येक दिवसाची उभी पट्टी, पट्टीत वेळांच्या चौकटी आणि त्यात नमुन्यादाखल भरलेल्या ट्रकांची रंगीत कार्डं. कॅलम चौकोनी चष्म्याचा, उत्साही. "ट्रक हलवायचा म्हणजे काय करायचं? कार्ड पकडायचं, ओढायचं, हवं तिथे सोडायचं. संपलं."

"वा," डॅरिल म्हणाला. "ग्लेन, ये, तू चालव. ही आमची पियानोवाली. हिला जमलं की सगळ्यांना जमलं."

ग्लेनिस लॅपटॉपसमोर बसली. हिएवने त्यावर तिचं नेहमीचं सगळं आधीच घालून ठेवलं होतं. तिने 'एफ' दाबलं.

पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. वरच्या पट्टीत 'मुख्य पान', 'मदत', 'बाहेर पडा' यांच्यावर तीन, आणि शोधाच्या चौकटीवर एक. फळ्यावर एकही नाही. शंभरावर चौकटी, चाळीसेक ट्रक, आणि सगळे उघडे. तिने एस्केप दाबून पुन्हा 'एफ' दाबलं. तेच. मग तिने साधी टॅबची कळ दाबून पाहिली. कर्सर वरच्या तीन लिंकांवरून शोधाच्या चौकटीवर गेला आणि तिथून फळ्याला न शिवता पानाच्या तळाशी.

दाराशी उभ्या असलेल्या हिएवकडे तिने पाहिलं. त्याने ओठ आवळले. त्याला बघताक्षणी कळलं होतं. त्या चौकटी बटणासारख्या रंगवल्या होत्या, पण बटणं नव्हत्या. नुसते डबे, आणि त्यांच्यावर माउसची टिचकी पडली की काय करायचं ते कुठेतरी आतल्या कोडमध्ये लिहिलेलं. डोळ्याला बटण दिसतं, ब्राउझरला डबाच दिसतो, आणि डब्याला चिठ्ठी लागत नाही.

"शोधून बघते," ती शांतपणे म्हणाली. दोन कळा दाबून चौकटीत गेली आणि 'मॅक्सटेड' लिहायला लागली. केव्हिन मॅक्सटेड, तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं, एम आणि ए, पडली आणि फळ्याने स्वतःला ताजं करून घेतलं. दर अर्ध्या मिनिटाला तो तसं करायचा, आणि करताना चौकटीतला कर्सर उडवून टाकायचा. ग्लेनिसला ते कळेपर्यंत बोटं पुढे गेली होती. एक्सने टॅब बंद केला. टीने नवीन कोरा टॅब उघडला. उरलेलं ई आणि डी वर पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसलं. मोठ्या पडद्यावर पांढरं पान आणि त्याच्या डोक्यावर दोन अनाथ अक्षरं.

वजनकाट्यावरचं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय झालं?" डॅरिलने विचारलं.

"टॅब बंद झाला. परत आणते." कोऱ्या पानावर एक्स्टेन्शन चालत नाही, हे तिला पाठ होतं. तिने ब्राउझरच्या स्वतःच्या तीन कळा दाबून फळा परत उघडला.

कॅलम समजूतदारपणे हसला. "तुम्ही काही जास्तीचं एक्स्टेन्शन लावलंय का? तेच गडबड करतंय. ते काढा, साधं माउसने करा. खूप सोपं आहे."

"हां, ग्लेन, माउसने कर," डॅरिल म्हणाला. त्याने शेजारच्या लॅपटॉपचा माउस काढून तिच्या हाताशी ठेवला.

ग्लेनिसने उजव्या हातात माउस धरला. केव्हिनचा ट्रक बुधवारी दहाला होता, तो गुरुवारी दोनला न्यायचा. तिने कार्ड पकडलं, बटण दाबून धरलं, ओढायला लागली. बुधवारपासून गुरुवारपर्यंत सुद्धा नीट धरवेना. अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं झालं, पकड सुटली, आणि ट्रक शनिवारी पहाटे पाचला जाऊन पडला.

"केव्हिन खूश होईल," वजनकाट्यावरचा म्हणाला, आणि सगळे हसले. ग्लेनिसही हसली.

"सवय नाही राहिली," ती म्हणाली.

"सवय होईल," कॅलम म्हणाला.

बैठक संपल्यावर हिएव तिच्या टेबलाशी आला. "हे त्यांना दुरुस्त करता येईल. खरी बटणं करायची, म्हणजे तुमच्या चिठ्ठ्याही येतील आणि टॅबही जाईल. ओढायच्या ऐवजी 'हलवा' असं एक बटण आणि वेळांची यादी. पण शुक्रवारच्या आधी यादीत लिहून द्यायला हवं. सही झाली की पुढच्या वर्षावर."

"मग लिही तू."

"मी लिहिलं तर ते म्हणणार, एका माणसाची आवड आहे. एक्स्टेन्शन काढा म्हणणार. आत्ता म्हणालेच." त्याने आवाज खाली आणला. "इथे काम करणाऱ्या एका व्यक्तीला माउस धरता येत नाही, असं लिहिलं तर त्यांना ते टाळता येणार नाही."

"व्यक्ती कोण?"

"तेच विचारतील," हिएव म्हणाला.

*

घरी रॉसने मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी ओव्हनमध्ये घातल्या होत्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. रॉस शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. ग्लेनिस स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर लोणच्याची बरणी उभी होती. झाकण फिरवून, सैल करून, नुसतं वर ठेवलेलं.

ती त्या बरणीकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की घरातली प्रत्येक बरणी गेली कित्येक वर्षं अशीच उभी असते.

"हे तू करतोस?"

"काय?"

"झाकणं."

रॉसने ओव्हनमधून ट्रे काढला. "मग काय, आपोआप सैल होतात?"

"मी तुला कधी सांगितलं नाही."

"नाही सांगितलंस. मीही नाही विचारलं. तुला विचारलं की तू म्हणतेस, काही नाही. मग विचारायचं कशाला, वाफ वाया."

ती खुर्चीवर बसली आणि तिने त्याला मंगळवार सांगितला. डबे, चिठ्ठ्या, शनिवारी पहाटे पाच. रॉसला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं, पण तो नीट ऐकत होता. पेस्टीचं टोक मोडून आधी खायची त्याची सवय होती, तो ते खात होता.

"म्हणजे ही वेबसाइट अशीच राहिली तर?"

"तर सुगीत दिवसाला चारशे वेळा ओढायचं. चार दिवस करेन. पाचव्या दिवशी सुट्टी घ्यायला लागेल. मग डॅरिल मला वजनकाट्यावर धान्याचे नमुने काढायला पाठवेल, नाहीतर लवकर निवृत्त हो म्हणेल. चांगल्या शब्दांत म्हणेल."

"आणि तू सांगितलंस तर?"

"तर मी हात गेलेली बाई."

"तशी तू आहेसच," रॉस म्हणाला. "फक्त त्यांना माहीत नाही."

ती चिडली. "तुला नाही कळायचं. त्या मॉरीनला काय काय म्हणाले होते, मी ऐकलंय."

"चाळीस वर्षं झाली त्याला, ग्लेन."

"डॅरिल तेव्हा शाळेत होता. त्याच्या बापाने हीच चेष्टा घरी केली असणार."

रॉसने तिच्या ताटात लोणचं वाढलं. "मॉरीनने चिठ्ठी आणली, आणि तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. तुझ्या बाजूने तो व्हिएतनामी पोरगा आहे ना."

"पस्तिशीचा आहे तो."

"मला पोरगाच."

जेवण झाल्यावर तिने भांडी घासली नाहीत. रॉसनेच घासली. ग्लेनिस पुढच्या खोलीत बसून टीव्हीवरचं हवामान बघत होती. मॉरीनचं आडनाव काय होतं, ते तिला कितीतरी वेळ आठवलं नाही. लॉरी. मॉरीन लॉरी. पट्टा बांधलेल्या हातानेच ती डबा उघडायची, आणि आपण शेजारी बसून आपला डबा खायचो.

*

गुरुवारी सकाळी चहाच्या सुट्टीआधी ती डॅरिलच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दार लावल्याबरोबर डॅरिलचा चेहरा पडला. दार लावून लोक राजीनामाच देतात, असा त्याचा अनुभव होता.

"उद्याची सही करू नकोस," ती म्हणाली.

"का? वेबसाइट आवडली नाही?"

"वेबसाइट छान आहे. मला ती चालवता येत नाही. माझा उजवा अंगठा सहा वर्षांपूर्वी गेलाय. संधिवात. माउस धरता येत नाही, म्हणून मी कळांनी करते. वेगासाठी नाही."

डॅरिल खुर्चीत मागे टेकला. "सहा वर्षं?"

"सहा."

"आणि मी सगळ्यांना तुझ्या मागे उभं करून दाखवत होतो."

"हो."

"इथे काम करून झालाय का? कारण तसं असेल तर मला ॲडलेडच्या मुख्य ऑफिसला कळवावं लागेल, फॉर्म असतो, सहा वर्षांपूर्वीच कळवायला..." तो बोलता बोलता थांबला. आपण आधी फॉर्मची काळजी केली, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो कानामागे खाजवायला लागला. "दुखतो का फार?"

"माउस धरला तर. मंगळवारचा अजून दुखतोय."

"आणि मी तो तुझ्या हातात दिला." तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर कोठ्यांच्या सावलीत ट्रकांची रिकामी जागा होती. "सांगितलं का नाहीस, ग्लेन? मी काय तुला खाल्लं असतं?"

तिने मॉरीनचं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझे वडील हात लोंबवून उड्या मारून दाखवायचे का रे? कांगारूसारख्या?"

डॅरिल लाल झाला. "दर ख्रिसमसला. आत्याला बघून."

"म्हणून."

मग डॅरिलने कागद ओढला. तो लिहायला हळू होता, अक्षर शाळकरी होतं. "बरं. काय दुरुस्त करायचं ते एका वाक्यात सांग. दोन वाक्यं झाली की तो चष्मेवाला मला गुंडाळतो."

ग्लेनिसने हे रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "जे दाबायचं आहे ते खरं बटण असावं, आणि जे ओढायचं आहे ते न ओढताही करता यावं."

"आणि फळा ताजा होताना कर्सर उडतो, ते?"

ती चपापली. तिला वाटलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नसेल. "ते तिसरं वाक्य."

"ते मी हिएवला लिहायला लावतो. हसले ना सगळे. ते तुझी चूक म्हणून हसले." त्याने कागदावर खाली 'ग्लेनिस ट्रेव्हॉरो' लिहिलं आणि पेन वर धरलं. "नाव घालू की नको?"

"घाल," ती म्हणाली.

*

कॅलमने आधी जरा ओढाताण केली. आजवर कुणी मागितलं नव्हतं, म्हणाला. डॅरिल म्हणाला, आता मागितलंय, आणि ते केल्याशिवाय सही होणार नाही. सोमवारी कॅलमऐवजी त्यांची कोड लिहिणारी बाईच फोनवर आली. ती हिएवशी दहा मिनिटं बोलली. ते डबे तसे ठेवायला नको होते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, घाई म्हणून राहून गेलं, असं तिने सरळ सांगितलं. बटणं बदलायला तिला तीन दिवस लागले, 'हलवा'ची यादी करायला आणखी चार.

दरम्यान ऑफिसात बातमी पसरली. वॉलरूत पसरायला वेळ लागत नाही, बेकरीतून सुरू झाली की संध्याकाळी जेटीवर मासे पकडणाऱ्यांपर्यंत जाते. वजनकाट्यावरची पोरं दोन दिवस तिच्याशी फार नम्रपणे बोलली. तिला त्याचाच त्रास झाला. कुणीतरी तिच्या मगाला हात घालून म्हणालं, "मी धरतो," तेव्हा ती म्हणाली, "हा मग अंगठ्याने धरत नाही मी. त्याचा कान धरते. आणि तुझाही धरेन." त्यानंतर ते बरे वागायला लागले, म्हणजे पूर्वीसारखे वाईट. मुख्य ऑफिसातून एक बाई आली, तिने खुर्चीची उंची मोजली, फॉर्म भरला, आणि तिला एक खास महागडा माउस देऊ केला. ग्लेनिसने आभार मानून तो परत केला.

ज्या दिवशी दुरुस्त केलेला फळा आला, त्या दिवशी डॅरिल, हिएव आणि ती तिघंच खोलीत होते. तिने 'एफ' दाबलं. फळाभर पिवळ्या चिठ्ठ्या उगवल्या, प्रत्येक ट्रकवर, प्रत्येक रिकाम्या वेळेवर. बार्लीच्या शेतात पाऊस पडून गेल्यावर पिवळी रानफुलं उगवतात, तितक्या दाट. खालची वेळ वाचताही येईना.

"खूप झाल्या," ती म्हणाली.

"आता तक्रार नको," डॅरिल म्हणाला.

"तक्रार नाही. आधी दोन अक्षरांत काम व्हायचं. आता काही ठिकाणी तीन लागतात."

"मिस ग्लेनिस," हिएव म्हणाला, "पडद्यावर जेवढं दिसतं तेवढ्यालाच चिठ्ठ्या लागतात. एकच दिवस उघडून ठेवा, कमी होतील."

तिने तसं करून पाहिलं. झाल्या कमी. मग तिने केव्हिन मॅक्सटेडचं नाव शोधून काढलं. नाव लिहिताना फळा दोनदा ताजा झाला, कर्सर जागचा हलला नाही. ट्रकवरच्या चिठ्ठीची अक्षरं दाबली, छोटी यादी उघडली, पुन्हा 'एफ', गुरुवार दोन. ट्रक गुरुवारी दोनला जाऊन बसला. डॅरिलने खिशातून पेन काढलं आणि सही केली.

बार्लीचा पहिला ट्रक ऑक्टोबरच्या दहा तारखेला आला. त्या सकाळी साडेसातलाच फोन वाजला. ग्लेनिसने फोन मान आणि खांदा यांत धरला.

"ग्लेन, केव्हिन बोलतोय. माझं यंत्र पुन्हा बसलंय. अकराची वेळ दुपारी कर ना."

"किती?"

"जमेल ते. ऐकलं, नवीन वेबसाइट आलीय. मला काही ती जमत नाही. कार्ड ओढायचं असतं म्हणे."

"ओढू नकोस. ट्रकवर दाब, 'हलवा' येईल. तिथे यादी आहे."

"आणि तू?"

"मी दाबतेय," ग्लेनिस म्हणाली. तिने तीन अक्षरं दाबली, मग आणखी दोन. "साडेतीन. चालेल?"

"चालेल. यंत्राला सांगतो."

तिने फोन ठेवला. फोन लगेच पुन्हा वाजला. चहा गार होत होता, आणि सुगी अजून आठ आठवड्यांची होती.